जुना माग विकताना: वहीतली किंमत वेगळी, हातात येणारी किंमत वेगळी

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात जुने धोट्याचे यंत्रमाग काढून बिनधोट्याचे रेपियर माग घ्यायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "वहीत अजून पावणेचार लाख शिल्लक आहेत आणि भंगारवाला दीड देतोय. सव्वादोन लाखांचा तोटा करून कसं विकायचं?" या वाक्यात दोन वेगळ्या किमती एकमेकींत मिसळल्या आहेत. एक वहीतली, म्हणजे खरेदी किमतीतून दरवर्षीचा घसारा वजा जाता उरलेला आकडा. दुसरी विक्रीची, म्हणजे आज गिऱ्हाईक जे पैसे मोजेल ती. माग बदलायचा की नाही हे दुसरीवरून ठरतं. पहिलीचा काही संबंध असेलच तर तो फक्त प्राप्तिकरापुरता, आणि तोही आपल्याकडे बहुतेक वेळा नसतोच.

एक उदाहरण घेऊ. आकडे गृहीत आहेत, जीएसटी वगळून आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका भागीदारी फर्मकडे बरेच माग आहेत. त्यातले जॅकार्डसह चार जुने माग सहा वर्षांपूर्वी १० लाखांना घेतले होते. दरवर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के घसारा धरला तर वहीत ३.७७ लाख उरतात. आज विकले तर १.५ लाख येतील. ठेवले तर आणखी पाच वर्षं चालतील आणि तेव्हा भंगारात ०.५ लाख मिळतील. त्यांच्या जागी वापरलेलं रेपियर २० लाखांना मिळतंय, पाच वर्षांनी ते ८ लाखांना जाईल. कर ३० टक्के धरू, सेस सोडून देऊ. पैशाचा खर्च, म्हणजे व्याज, वर्षाला १२ टक्के; पुढे येणारे पैसे याच दराने कमी करून त्यांचं आजचं मूल्य काढू.

आता ३.७७ लाखांचं काय होतं ते पाहू. वित्त व्यवस्थापनाच्या बऱ्याच पाठ्यपुस्तकांत प्रत्येक यंत्राचा हिशेब स्वतंत्र असतो. तिथे २.२७ लाखांचा तोटा झाला की त्यावर ३० टक्के, म्हणजे ६८ हजारांचा कर लगेच वाचतो असं धरतात. भारतीय प्राप्तिकरात तसं होत नाही. एकाच दराने घसारा लागणारी सगळी यंत्रं मिळून एक ब्लॉक असतो आणि घसारा त्या पूर्ण ब्लॉकवर लागतो. यंत्र विकलं की ब्लॉकमधून विक्रीची रक्कम वजा होते, त्या यंत्राची वहीतली किंमत नव्हे. नवीन घेतलं की त्याची किंमत ब्लॉकमध्ये मिळवली जाते. म्हणून माग विकला तरी ठेवला तरी ते ३.७७ लाख ब्लॉकमध्येच राहतात आणि त्यांच्यावरचा घसारा दोन्ही वाटांनी सारखाच मिळत राहतो. दोन्हीकडे जे सारखं आहे ते तुलनेत धरायचंच नाही. नफा-तोटा पत्रकात अकाउंटंट विक्रीचा तोटा दाखवतो हे खरं, पण करपात्र उत्पन्न काढताना तो परत मिळवला जातो. त्या पत्रकाकडे पाहून ६८ हजार वाचले असं धरणं चूक.

मग फरक कशाचा उरतो? सुरुवातीला खिशातून २० वजा १.५, म्हणजे १८.५ लाख जातात. ब्लॉकमध्येही तेवढेच वाढतात. त्यावर पहिल्या वर्षी १५ टक्क्यांनी २.७८ लाख घसारा मिळतो आणि सुमारे ८३ हजारांचा कर वाचतो. पुढे ही बचत दरवर्षी घटत जाते, पाचव्या वर्षी ती ४३ हजार होते. पाच वर्षांच्या या बचतीचं आजचं मूल्य २.३१ लाख.

दरवर्षीची बचत काढताना फक्त बदल मोजायचा: कमी झालेली मजुरी, वाचलेला सूतवाया, जादा निघालेल्या टॉवेलवरचा सूत-रंग वजा जाता उरणारा पैसा, आणि त्यातून वीज व सुट्या भागांचा वाढीव खर्च वजा. तो वर्षाला ५.४ लाख धरू. कर गेल्यावर ३.७८ लाख, आणि पाच वर्षांचं आजचं मूल्य १३.६३ लाख. इथे दोन चुका वारंवार होतात. एक, रेपियरचा पूर्ण नफा धरला जातो, जुने माग आजही कमावत होते हे विसरून. दोन, बँकेचा हप्ता खर्चात घातला जातो. १२ टक्क्यांनी आजचं मूल्य काढताना पैशाचा खर्च त्यात आलाच, हप्ता घातला तर तो दोनदा मोजला जातो.

शेवटी विक्रीतला फरक: पाच वर्षांनी रेपियरचे ८ लाख, वजा जुन्या मागांचे तेव्हा येणारे ०.५ लाख. हे ०.५ वजा करायचं फार जण विसरतात. उरलेल्या ७.५ लाखांचं आजचं मूल्य ४.२६ लाख. या विक्रीवरही वेगळा कर लागत नाही, ब्लॉक तेवढा कमी होतो. पाच वर्षांनी वाढीव ब्लॉकचे ८.२१ लाख उरलेले असतात, त्यातून ७.५ गेले की ७१ हजार शिल्लक, त्याच्यावरच्या पुढच्या घसाऱ्याचं आजचं मोल ७ हजारांच्या आसपास.

बेरीज केली तर २०.२६ लाख आणि गुंतवणूक १८.५. म्हणजे १.७६ लाख वर. माग बदलावा. पण वहीतला २.२७ लाखांचा "तोटा" यातून वजा केला असता तर उत्तर उणे ५१ हजार आलं असतं आणि चांगला व्यवहार हातचा गेला असता. उलट ६८ हजारांची न मिळणारी करबचत मिळवली तर फायदा २.४४ लाख दिसतो.

वहीतली किंमत महत्त्वाची ठरते ती ब्लॉक रिकामा झाला तर. समजा छोट्या कारखानदाराच्या ब्लॉकमध्ये एवढेच माग आहेत. त्याने ते मार्चमध्ये विकले आणि रेपियर एप्रिलमध्ये घेतलं. ३१ मार्चला ब्लॉकमध्ये एकही यंत्र नाही, म्हणून त्या वर्षी घसारा नाही आणि २.२७ लाखांचा अल्पकालीन भांडवली तोटा. तो धंद्याच्या नफ्यातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातून होतो, तोही पुढच्या आठ वर्षांत. जमीन किंवा शेअर विकायचे नसतील तर तो बहुतेक वायाच जातो. विक्री आणि खरेदी एकाच आर्थिक वर्षात बसवली की ही अडचण येत नाही. मात्र नवीन यंत्र त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्याच्यावर घसारा निम्म्या दराने, ७.५ टक्क्यांनीच मिळतो. वरच्या हिशेबात पूर्ण १५ टक्के धरलेत, म्हणजे रेपियर एप्रिलमध्ये चालू झालं असं गृहीत आहे, आणि पाच वर्षांनंतरची विक्रीही वर्ष सरल्यावर एप्रिलमध्येच.

कोरं रेपियर घेतलं आणि कारखानदाराने सवलतीच्या करदराचा पर्याय घेतलेला नसेल तर पहिल्या वर्षी २० टक्के जादा घसाराही मिळू शकतो. वापरलेल्या यंत्राला तो लागू नाही, म्हणून इथे धरलेला नाही. कोऱ्या आणि वापरलेल्या रेपियरच्या किमतींची तुलना करताना हा फरक आधी मांडावा.

या उदाहरणात सगळ्यात नाजूक आकडा ५.४ लाखांचा आहे. तो ४.७० लाखांच्या खाली गेला की फायदा संपतो. दुसऱ्या पाळीला पुरेशी ऑर्डर नसेल तर जादा टॉवेलवरचा पैसा येत नाही, आणि फक्त मजुरी व सूतवाया मिळून एवढी बचत होते का हे मागच्या बारा महिन्यांच्या हजेरी आणि सूत रजिस्टरवरून आधी काढून बघावं लागतं.