‘आधी’ काय झालं? सईचं कणीस आणि चार चित्रांचा क्रम

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांत ज्यांच्या घरी बालवाडीतलं मूल आहे, त्यांच्या मोबाइलवर चित्रक्रमाचे कागद सतत फिरत असतात. छोटीशी संवादकथा, खाली चार चित्रं, आणि ‘आधी काय झालं, नंतर काय झालं’ असे प्रश्न. मुलानं चित्रं चुकीची लावली की लगेच काळजी सुरू होते: याला क्रमच कळत नाही. हा निष्कर्ष बहुतेक वेळा खोटा असतो. चूक क्रम समजण्यात असू शकते, पण ती प्रश्नाच्या वाक्यात किंवा चित्रातसुद्धा असू शकते, आणि या तीन चुका एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतात.

त्यासाठी एक कथा घेऊ. जागा ठाण्याचा उपवन तलाव, दिवस पावसाळ्याचे.

सई : बाबा, मला कणीस!
बाबा : घेऊ या. अगं, थेंब पडायला लागले. थांब, छत्री उघडतो.
कणीसवाले काका : भाजून देऊ की उकडून?
सई : भाजून! लिंबू लावून!
बाबा : कालच्यासारखं खाली पाडू नकोस हं.
सई : नाही पाडणार. हाऽऽ, किती गरम!
बाबा : खाण्याआधी फुंकर मार.
सई : फूऽऽ, फूऽऽ!
बाबा : अगं, संपलंसुद्धा?

चित्रं चार. ‘अ’मध्ये बाबा छत्री उघडतायत. ‘आ’मध्ये काका निखाऱ्यावर कणीस भाजतायत. ‘इ’मध्ये सई फुंकर मारतेय. ‘ई’मध्ये तिच्या हातात दाणे संपलेलं कणीस आहे.

आता ही कथा चार वर्षांच्या मुलाच्या बाजूनं वाचून पाहा. काका कणीस भाजतात, सई ते खाते, असं यात कुणीही सांगितलेलं नाही. संवादकथेत निवेदक नसतो. माणसं फक्त बोलतात आणि घटना त्या बोलण्यावरून ओळखायची असते. ‘संपलंसुद्धा?’ या एका शब्दावरून मुलाला कळावं लागतं, की मधल्या वेळात सईनं कणीस खाल्लं. शिवाय माणसं बोलताना काळात मागेपुढे जातात. ‘कालच्यासारखं पाडू नकोस’ हे वाक्य कथेच्या मधोमध येतं, पण ती घटना सगळ्यांत आधीची. चित्रकारानं जमिनीवर पडलेल्या कणसाचं पाचवं चित्र काढलं, तर मूल ते बहुधा भाजण्याच्या नंतर ठेवेल, कारण त्यानं ते तिथे ऐकलंय. म्हणून अगदी लहान मुलांसाठी लिहिताना अशा कालच्या गोष्टीचं चित्र काढू नये. वाक्य राहू द्यावं, बोलण्यात गंमत त्यानंच येते.

बरीच मुलं ही चित्रं आ, अ, इ, ई अशी लावतील, म्हणजे आधी भाजणं आणि मग छत्री. उत्तरसूचीच्या दृष्टीनं हे सरळ चूक. पण जोड्या मोजून पाहा. चार चित्रांच्या एकूण सहा जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीत कुठलं चित्र आधी येतं ते तपासता येतं. या मुलाच्या सहापैकी पाच जोड्या बरोबर आहेत, फक्त छत्री आणि भाजणं यांची अदलाबदल झाली आहे. आणि याच जोडीची का होते, याला कारण आहे.

कणीस भाजल्याशिवाय ते गरम होणार नाही, गरम असल्याशिवाय कुणी फुंकर मारणार नाही, आणि खाल्ल्याशिवाय दाणे संपणार नाहीत. या घटना एकमेकींना कारणानं बांधलेल्या आहेत, त्यांचा क्रम उलटवताच येत नाही. छत्रीचं तसं नाही. ती भाजण्याआधी उघडली काय किंवा नंतर, कणसाला फरक पडत नाही. तो क्रम फक्त ऐकून लक्षात ठेवायचा असतो.

पॅट्रिशिया बाउअर आणि जीन मँडलर या मानसशास्त्रज्ञांनी 1989 साली हा फरक जेमतेम दीड-पावणेदोन वर्षांच्या बाळांमध्ये दाखवला. त्यांनी बाळांसमोर छोट्या कृती करून दाखवल्या. एका पेल्यात चेंडू टाकायचा, दुसरा पेला त्यावर उलटा बसवायचा आणि खुळखुळा वाजवायचा, अशा धर्तीच्या. कारणानं बांधलेला क्रम बाळांनी चांगला परत करून दाखवला, मनाला येईल तसा जुळवलेला क्रम तितका जमला नाही. त्याच साखळीच्या मध्ये एखादी बिनकामाची कृती घुसवली, उदाहरणार्थ पेल्यावर स्टिकर चिकटवणं, तर बाळं नेमकी तीच कृती जागेवरून हलवत. सईच्या कथेतली छत्री म्हणजे हाच स्टिकर. ती हलवणाऱ्या मुलानं कथेचा कणा अचूक पकडलेला असतो.

आता प्रश्नांच्या वाक्याकडे येतो. माझ्या मते या विषयातला सगळ्यांत देखणा भाग हाच आहे.

भाषाशास्त्रज्ञ ईव्ह क्लार्क यांनी 1971 साली तीन ते पाच वर्षांच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना खेळणी द्यायची, एक वाक्य सांगायचं आणि त्याप्रमाणे खेळणी हलवायला लावायची. वाक्य साधारण असं: कुत्र्याला थोपटण्याआधी मुलानं फाटकावरून उडी मारली. त्यातल्या लहान मुलांनी आधी कुत्र्याला थोपटलं, मग उडी मारली. ‘आधी’ या शब्दाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांचा नियम साधा होता: जे पहिल्यांदा ऐकू आलं ते पहिल्यांदा घडलं. हा नियम वेडेपणाचा नाही. माणसं बहुतेक वेळा घटना घडल्या त्याच क्रमानं सांगतात, त्यामुळे तो दिवसभर बरोबर ठरत राहतो.

इंग्रजीत हीच दोन उपवाक्यं पुढेमागे करता येतात. आपल्याकडे तशी मोकळीक फार कमी आहे. ‘भाजून खाल्लं’, ‘भाजल्यावर खाल्लं’, ‘भाजल्यानंतर खाल्लं’, या सगळ्यांत बोलण्याचा आणि घडण्याचा क्रम एकच. ‘खाण्याआधी भाजलं’ म्हटलं की तो उलटतो. मराठीत ‘-आधी’ लावलेलं काम साधारणपणे वाक्यात पहिलं येतं आणि प्रत्यक्षात मागाहून घडतं. म्हणजे क्लार्क यांच्या प्रयोगातल्या मुलांचा नियम मराठी मुलानं वापरला, तर ‘नंतर’ची जवळजवळ सगळी वाक्यं त्याला जमतील आणि ‘-आधी’ची चुकतील. हे मी व्याकरणावरून काढलेलं अनुमान आहे, आणि ते घरी तपासता येतं.

मुलाला समोर उभं करून सांगा: ‘टाळी वाजवून डोकं धर.’ मग ‘टाळी वाजवल्यावर डोकं धर.’ मग ‘टाळी वाजवण्याआधी डोकं धर.’ आणि शेवटी ‘डोकं धरण्याआधी टाळी वाजव.’ चौथं वाक्य गाळू नका. तिसऱ्यात मुलानं आधी टाळी वाजवली, तर त्याला टाळी आवडते म्हणूनही तसं झालं असेल. चौथ्यात त्यानं आधी डोकं धरलं, तर दोन्ही वेळा ऐकण्याचा क्रम पाळला गेला हे पक्कं होतं. इथे ‘जेवण्याआधी हात धुतले’सारखं वाक्य उपयोगाचं नाही. ते मूल घरच्या सवयीवरून बरोबर सांगतं, वाक्य समजो न समजो. टाळी आणि डोकं यांना ठरलेला क्रम नाही, म्हणून तिथे फक्त वाक्याची परीक्षा होते. आणि ‘आधी टाळी वाजव, मग डोकं धर’ हेही एकदा सांगून पाहा. यात ‘आधी’ आहे, पण क्रम सरळ आहे. ते जमलं आणि तिसरं-चौथं चुकलं, तर अडचण शब्दाची नाही, उलटलेल्या क्रमाची आहे.

आता सईच्या कथेखालचा नेहमीचा प्रश्न: ‘फुंकर मारण्याआधी काय झालं?’ अपेक्षित उत्तर चित्र ‘आ’, कणीस भाजलं. ऐकण्याच्या क्रमानं जाणारं मूल ‘ई’वर बोट ठेवेल. त्याच्या लेखी प्रश्न असा आहे: सईनं फुंकर मारली, आणि मग? त्याच मुलाला चारही चित्रं नुसती लावायला द्या. भाजणं, फुंकर आणि रिकामं कणीस हा क्रम त्यानं बरोबर लावला, तर त्याला कथा समजली आहे, फक्त प्रश्न उलटा ऐकला गेला आहे. तोच प्रश्न सरळ करून विचारता येतो: ‘आधी काय झालं, मग सईनं फुंकर मारली?’ ‘-आधी’ची वाक्यं पुढे शिकवायचीच आहेत. पण क्रम तपासताना त्याच श्वासात व्याकरण तपासू नये.

चित्रांचं थोडक्यात. आपल्या कथेत ‘अ’नंतरच्या प्रत्येक चित्रात छत्री उघडी हवी. चित्रकारानं ‘आ’मध्ये ती मिटलेली काढली, तर ‘आ’ पहिलं ठेवणारं मूल बरोबर आणि उत्तरसूची चूक. मुलाला ‘कशावरून?’ विचारलं की ते सरळ छत्रीवर बोट ठेवतं. दुसरी गोष्ट दिशेची. बार्बरा ट्व्हर्स्की आणि सहकाऱ्यांनी 1991 साली इंग्रजी, हिब्रू आणि अरबी बोलणाऱ्या मुलांना व मोठ्यांना न्याहारी, दुपारचं आणि रात्रीचं जेवण अशा घटना कागदावर मांडायला सांगितल्या. इंग्रजीवाल्यांनी वेळ डावीकडून उजवीकडे नेली, अरबीवाल्यांचा कल उजवीकडून डावीकडे होता. ठाणे महापालिकेच्याच हद्दीत मुंब्र्याला उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, आणि उर्दूही अरबीसारखी उजवीकडून लिहितात. तिथल्या मुलानं चित्रं उजवीकडून लावली, तर ती नेमकी उलटी दिसतील आणि तरी अचूक असतील. पहिलं चित्र आपण ठेवून पुढे बाण काढला की हा घोळ मिटतो.

या कागदांवर कधी कधी ‘बुद्ध्यांक वाढवा’ असं छापलेलं असतं. चित्रं क्रमानं लावण्याचा भाग डेव्हिड वेक्सलर यांच्या 1939 च्या बुद्धिमत्ता चाचणीत होता, हे खरं. पण मुलांसाठीच्या त्याच चाचणीच्या 2003 च्या चौथ्या आवृत्तीतून तो वगळला गेला. चार चित्रं लावून बुद्ध्यांक वाढल्याचा दावा ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’च्या वर्गांच्या रांगेतला आहे, जिथे डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवतात आणि पट्टीखालच्या फटीबद्दल कुणी बोलत नाही. अशा वर्गांना पैसे देऊ नयेत.

कुणाला ही कथा वापरायची असेल, तर माझ्या मते तिच्याखाली तीनच प्रश्न पुरेत. चित्रं लाव, ‘ई’मधल्या कणसाचे दाणे कुठे गेले, आणि छत्री भाजण्याच्या नंतर उघडली असती तर गोष्ट बदलली असती का? तिसऱ्याला पाच वर्षांचं मूल बहुधा ‘सई भिजली असती’ असं सांगेल. ते उत्तर बरोबर धरावं.