उष्णता पंप : कार्यमान गुणांक

थंड उद्गमातील उष्णता यांत्रिक कार्य खर्चून अधिक तापमानाच्या अभिग्राहीकडे नेणारे यंत्र म्हणजे उष्णता पंप. प्रशीतकाचे (रेफ्रिजरेटरचे) चक्रही हेच, फरक हेतूचा. कार्यमान गुणांक म्हणजे उपयोगी उष्णता भागिले त्यासाठी खर्चलेले कार्य; प्रशीतकात आतून काढलेली उष्णता मोजतात, उष्णता पंपात बाहेर दिलेली. दिलेल्या उष्णतेत काढलेली उष्णता आणि संपीडकाचे (कॉम्प्रेसरचे) कार्य या दोहोंची बेरीज असल्यामुळे त्याच यंत्राचा पंप म्हणून गुणांक प्रशीतक म्हणून असलेल्या गुणांकापेक्षा १ ने जास्त भरतो. मात्र संपीडकाची काही उष्णता वाटेतच परिसरात गेली, तर प्रत्यक्षातला फरक १ पेक्षा कमी राहतो. पाठ्यपुस्तके हे बहुधा सांगत नाहीत.

कल्पनेचे श्रेय सामान्यतः विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांच्या १८५२ मधील निबंधाला देतात. पहिला प्रत्यक्ष उष्णता पंप १८५५–५७ च्या सुमारास ऑस्ट्रियात पेटर फॉन रिटिंगर यांनी बांधला, असेही लिहिले जाते. तथापि रिटिंगर यांचे यंत्र मिठाच्या द्रावणातून निघालेली वाफच दाबून पुन्हा तापविण्यासाठी वापरी. बंद चक्रात फिरणारे प्रशीतकद्रव्य त्यात नव्हते. म्हणून आजच्या अर्थाने त्याला पूर्वसूरी म्हणणे अधिक योग्य दिसते.

गुणांकाची कमाल मर्यादा कार्नो चक्रावरून, म्हणजे कोणताही ऱ्हास नसलेल्या आदर्श चक्रावरून, मिळते. उष्ण बाजूचे केल्व्हिनमधील तापमान भागिले दोन्ही बाजूंच्या तापमानांतील फरक, ही ती मर्यादा. बाहेर ०° से. आणि खोलीत २०° से. धरल्यास २९३ भागिले २०, म्हणजे सुमारे १४.७ येते. हा आकडा फसवा आहे. प्रशीतकद्रव्य बाष्पित्रात उष्णता घेऊन बाष्प होते आणि संघनित्रात ती घर तापविणाऱ्या पाण्याला देऊन पुन्हा द्रव होते. उष्णता वाहायची तर बाष्पित्रातील द्रव्य बाहेरच्या हवेपेक्षा थंड आणि संघनित्रातील द्रव्य त्या पाण्यापेक्षा उष्ण असावे लागते. बाष्पन −८° से. ला (२६५ के.) आणि संघनन ४५° से. ला (३१८ के.) होत असेल, तर फरक ५३ होतो व मर्यादा ६ वर येते; प्रशीतक म्हणून तीच ५. घर्षण, झडपेतील दाबऱ्हास इत्यादींमुळे प्रत्यक्षात याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे ३ मिळतात.

बाहेरचे तापमान −१५° से. झाले आणि बाष्पन −२३° से. पर्यंत उतरले, तर मर्यादा सुमारे ४.७ होते. त्याच वेळी बाष्पाची घनता घटल्याने संपीडक दर फेरीला कमी द्रव्य खेचतो. म्हणजे घराची गरज वाढते तेव्हाच यंत्राची उष्णता देण्याची क्षमता कमी होते. उलट, खोलीच्या फरशीखालच्या नळ्यांतून घर तापवले आणि संघनन ४०° से. वर आणता आले, तर ०° से. च्या बाहेरच्या हवेतही मर्यादा ६.५ होते, जुन्या रेडिएटरांसाठी संघनन ६०° से. ला नेल्यास ४.९ उरते.

बाष्पित्रावर हिम साचल्यास उष्णतेचा ओघ अडतो आणि बाष्पन तापमान आणखी खाली जाते. बाहेरची हवा तीच असूनही संपीडकात शिरणाऱ्या बाष्पाचा चूषण दाब हळूहळू घसरू लागला, तर हिमाचा संशय घ्यावा. ते वितळविण्यासाठी चक्र काही काळ उलटे फिरवतात; तेवढा वेळ घराचीच उष्णता बाहेर जाते. त्यामुळे चाचणीतील गुणांक हंगामी सरासरीपेक्षा सहसा चांगला दिसतो.