निरर्थक औपचारिकता सिद्धांत

निरर्थक औपचारिकता सिद्धांत हा प्रशासकीय कायद्यात नैसर्गिक न्यायाच्या नियमाला मान्य झालेला, पण कायम वादात राहिलेला अपवाद आहे. एखाद्याचे म्हणणे न ऐकता त्याच्याविरुद्ध आदेश काढला, तर एरवी तो आदेश न्यायालयात टिकत नाही. मात्र म्हणणे ऐकले असते तरी निर्णय तोच झाला असता, अशी न्यायालयाची खात्री पटली, तर आदेश रद्द करून पुन्हा सुनावणीचा घाट घालण्यात अर्थ नाही, असे हा सिद्धांत सांगतो. वकिलांच्या तोंडी त्याचे नाव बहुधा ‘यूसलेस फॉर्मॅलिटी थिअरी’ असेच असते. बडतर्फी, परवाना रद्द करणे, अतिक्रमण हटवणे, कराची मागणी, ठेका काढून घेणे अशा प्रकरणांत ‘आम्हाला कारणे दाखवा नोटीसच मिळाली नाही’ अशी तक्रार आली की सरकारी बाजूकडून हा बचाव पुढे येतो.

सिद्धांताचा पाया रिट अधिकाराच्या, म्हणजे सरकारी यंत्रणेला थेट आदेश देण्याच्या न्यायालयाच्या अधिकाराच्या, स्वरूपात आहे. उच्च न्यायालय संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट काढते तेव्हा चूक सापडली म्हणून दिलासा द्यायलाच हवा, असे बंधन त्याच्यावर नसते. ज्या आदेशाने प्रत्यक्षात काही बदलणार नाही असा आदेश न्यायालय देत नाही, हा जुना संकेत आहे. इथे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. सुनावणी द्यायला हवी होती का, हा पहिला. ती दिली नाही म्हणून आता आदेश मोडायचा का, हा दुसरा. सिद्धांताचा संबंध फक्त दुसऱ्याशी आहे. व्यवहारात मात्र तो पहिल्याचे उत्तर म्हणून वापरला जातो आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

या सिद्धांताची ताकद आणि त्यातली खोट एकाच ठिकाणी पाहायची असेल, तर मुंबईच्या पदपथवासीयांचा खटला वाचावा. तो ‘ऑल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ या नावाने ओळखला जातो. उपजीविकेच्या हक्कासाठी तो प्रसिद्ध आहे, पण त्यातला सुनावणीवरचा भाग तितकाच मोलाचा आहे आणि त्याकडे कमी लक्ष जाते.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. २३ जुलैला, ऐन पावसाळ्यात, झोपड्या पाडल्या जाऊ लागल्या. तमिळनाडूतून आलेल्या एका मजुराच्या कुटुंबाला तर थेट सेलमच्या बसमध्ये बसवण्यात आले. पालिकेचा आधार होता मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३१४. सार्वजनिक रस्त्यावरचे अतिक्रमण आयुक्त ‘नोटिशीशिवाय’ काढू शकतात, असे हे कलम म्हणते.

सर्वोच्च न्यायालयात पालिकेच्या वकिलांनी मांडलेला मुद्दा म्हणजे हा सिद्धांतच होता. पदपथ लोकांना चालण्यासाठी आहे, त्यावर घर बांधण्याचा हक्क कोणालाच नाही. मग नोटीस देऊन विचारायचे काय आणि समोरचा सांगणार काय? कायदेमंडळाने म्हणूनच नोटिशीची अट ठेवली नसावी, असा त्यांचा तर्क होता.

१० जुलै १९८५ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला. तो सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी लिहिला. उत्तर देण्यासारखे काही असूच शकत नाही म्हणून नोटीस नको, हा युक्तिवाद पीठाने फेटाळला. सुनावणीचे मोल दोन प्रकारचे असते, असे निकालपत्र म्हणते. एक, तिच्यामुळे चुकीचा निर्णय टळू शकतो. दुसरे, ज्याच्या आयुष्यावर निर्णय कोसळणार आहे त्याच्याशी निदान बोलले जाते. निर्णय बरोबर निघाला तरी हे मोल उरतेच. कलम ३१४ आयुक्तांना नोटीस न देण्याची मुभा देते, नोटीस देऊ नका असा हुकूम देत नाही, असा अर्थ पीठाने लावला. नोटिशीशिवाय कारवाई हा अपवाद आणि तो खरोखरच्या निकडीपुरताच.

पण त्यानंतर निकालाने घेतलेले वळण विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितले जात नाही. एरवी आम्ही प्रकरण आयुक्तांकडे सुनावणीसाठी परत पाठवले असते, असे पीठाने म्हटले. मात्र आयुक्तांनी नाकारलेली संधी आम्हीच भरपूर प्रमाणात दिली आहे, दोन्ही बाजू तथ्यांवर आणि कायद्यावर सविस्तर बोलल्या आहेत, आणि ते सारे ऐकून आयुक्तांचा निर्णय योग्यच होता असे आमचे मत झाले आहे. म्हणजे पुन्हा सुनावणीने काही बदलणार नाही! ज्या तर्काला पुढच्या दाराने हाकलले तो मागच्या दाराने आत आला, असे म्हणायला जागा आहे.

निकालाचा शेवटचा भाग मात्र या टीकेलाही पुरून उरतो. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरल्यावर आणखी एक महिना, कोणाला हटवू नये, असे ठरले. १९७६ च्या गणनेत ओळखपत्रे मिळालेल्यांना राज्य सरकारने आश्वासन दिल्याप्रमाणे पर्यायी जागा द्याव्यात. अर्थात ही हटवण्यापूर्वीची अट ठरवली नाही. वीस वर्षे किंवा त्याहून जास्त काळ उभ्या असलेल्या आणि सुधारणा झालेल्या वस्त्यांना, जमीन सार्वजनिक कामासाठी लागत नसेल तर, हात लावू नये. पदपथावर राहण्याचा हक्क कोणालाच मिळाला नाही. त्या अर्थाने ‘निर्णय तोच’ राहिला. पण कधी हटवायचे, कोणाला कुठे जागा द्यायची, कोणत्या वस्तीला सोडायचे, हे सगळे ऐकून घेतल्यामुळे बदलले. निष्कर्ष बदलला नसता, असे म्हणताना आपण निष्कर्ष कशाला म्हणतो, याच्यावरच सिद्धांत उभा राहतो किंवा कोसळतो.

ऑल्गा टेलिसमध्ये ज्या निकालाचा आधार घेतला गेला तो १९८० चा ‘एस. एल. कपूर विरुद्ध जगमोहन’. दिल्लीच्या नायब राज्यपालांनी त्या वर्षी फेब्रुवारीत नवी दिल्ली नगरपालिका समिती बरखास्त केली होती आणि सदस्यांना विचारलेही नव्हते. न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांनी लिहिले की नैसर्गिक न्याय नाकारणे हेच नुकसान आहे; वेगळे नुकसान सिद्ध करावे लागत नाही. ज्याने न्याय नाकारला त्यानेच ‘तुझे काही बिघडले नाही’ म्हणणे शोभत नाही, अशी पुस्तीही जोडली. अपवाद त्यांनी एकच, अगदी अरुंद ठेवला: तथ्ये कबूल किंवा निर्विवाद असतील, त्यांतून एकच निष्कर्ष निघत असेल आणि कायद्याने एकच शिक्षा शक्य असेल, तर न्यायालय रिट काढणार नाही. तेही सुनावणी गरजेची नव्हती म्हणून नव्हे, तर फुकट रिट काढायची नाही म्हणून.

या तिन्ही अटी एकदम पूर्ण होणे दुर्मीळ असते. कर्मचारी गैरहजर होता हे कबूल असते, पण का होता हे नसते. कारणही निर्विवाद असले तरी बडतर्फी, पदावनती, वेतनवाढ रोखणे यांतून निवड करायची असते, आणि निवड आली की ऐकून घेण्याला काम उरते. इंग्लंडचे न्यायाधीश मेगॅरी यांनी १९६९ च्या ‘जॉन विरुद्ध रीस’ खटल्यात हेच बजावले होते: ज्यांत बोलायला काही उरलेच नाही असे वाटत होते आणि शेवटी तसे ठरले नाही, अशा प्रकरणांनी कायद्याची वाट भरलेली आहे.

१९९० च्या दशकात भारतातला सूर बदलला. चौकशी अहवालाची प्रत न मिळालेल्या कर्मचाऱ्यांबाबत १९९३ मध्ये घटनापीठाने ठरवले की शिक्षा आपोआप रद्द होणार नाही. न्यायालयाने अहवाल त्याला द्यावा आणि तो आधी मिळाला असता तर काय फरक पडला असता, हे सांगायला लावावे. १९९६ च्या ‘स्टेट बँक ऑफ पतियाळा विरुद्ध एस. के. शर्मा’ निकालाने सुनावणी मुळीच न होणे आणि सुनावणीत काही उणीव राहणे यांत फरक केला. नुकसान झाले का, ही कसोटी प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारासाठी सांगितली होती. पण ती हळूहळू पहिल्याकडेही सरकली. १९९९ च्या एम. सी. मेहता प्रकरणात न्यायालयाने सिद्धांतावरची देशोदेशीची मते मांडली आणि सर्वसाधारण प्रश्न खुला ठेवला.

पुढच्याच वर्षी अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या प्रकरणात हा सिद्धांत लागू झाला. विद्यापीठाचा एक कर्मचारी लिबियातील विद्यापीठात नोकरीसाठी रजेवर गेला. त्याने मुदतवाढ मागितली तेव्हा एकच वर्ष मिळाले आणि यापुढे वाढ मिळणार नाही, असे स्पष्ट कळवले गेले. तरीही तो तिथेच राहिला. विद्यापीठाने नोटीस न देता पद सोडल्याचे धरले. परदेशातला नवा करार हेच त्याचे स्पष्टीकरण असते आणि ते मान्य होण्यासारखे नव्हते, म्हणून आदेश टिकला. निकाल समजण्यासारखा आहे, कारण इशारा आधीच लेखी दिलेला होता. तो नसता तर हे प्रकरण अपवादात बसवणे कठीण गेले असते.

ऐकून घेण्याचा उपयोग झाला असता का, हा निवाडा कोणी करायचा, हे २०१५ च्या ‘धरमपाल सत्यपाल’ निकालाने पक्के केले. ईशान्येतील तंबाखू उत्पादनांवरची अबकारी सवलत २००३ च्या वित्त अधिनियमाने पूर्वलक्षी प्रभावाने काढून घेतली होती आणि नोटीस न देता परताव्याची रक्कम मागितली गेली. तो कायदा आधीच्या निकालात वैध ठरलेला असल्याने कंपनीकडे उत्तरच उरले नव्हते, म्हणून प्रकरण परत पाठवले नाही. पण न्यायमूर्ती सिक्री यांनी ठणकावले की ‘ऐकून काय उपयोग’ असे ठरवून अधिकाऱ्याला सुनावणी टाळता येत नाही. उपयोग झाला असता की नाही, हे नंतर न्यायालय पाहील. उत्तर प्रदेशातील गोदाम महामंडळाच्या ठेक्याच्या २०२० मधील प्रकरणातही न्यायमूर्ती नरिमन यांच्या निकालाने हीच रेषा पुन्हा ओढली.

इंग्लंडमध्ये मात्र हा प्रश्न संसदेने हाती घेतला. तिथे २०१५ च्या कायद्याने निष्कर्षात मोठा फरक न पडण्याची दाट शक्यता असेल तर दिलासा नाकारणे बंधनकारक झाले; असाधारण सार्वजनिक हिताचा अपवाद ठेवला गेला. ‘एकच निष्कर्ष शक्य’ आणि ‘दाट शक्यता’ यांतले अंतर मोठे आहे.

या सगळ्याचा भारतातल्या दाव्यांवर झालेला परिणाम अगदी व्यावहारिक आहे. ‘मला ऐकले नाही’ एवढेच लिहिलेली याचिका आता धोक्याची ठरते. नोटीस आली असती तर मी कोणती कागदपत्रे दिली असती, कोणते तथ्य नाकारले असते, शिक्षा कमी का व्हायला हवी होती, हे याचिकेतच लिहावे लागते. यात विचित्रपणा असा की जी बाजू अधिकाऱ्यासमोर मांडायची होती ती नाकारल्यानंतर न्यायालयासमोर मांडावी लागते, आणि न्यायालय ती तोलते ती नव्याने निर्णय घेण्यासाठी नव्हे, तर झालेला निर्णय बदलला असता का एवढेच पाहण्यासाठी.