40 टक्के चढवले, 25 सोडले, मग नफा 15 टक्के का नाही?

तुम्ही पाठवलेल्या फोटोतलं गणित असं आहे: दुकानदाराने वस्तूच्या खरेदी किमतीवर 40% वाढवून छापील किंमत लावली, गिऱ्हाइकाला 25% सूट दिली, तरी त्याला 60 रुपये नफा झाला, तर खरेदी किंमत किती? फोटो जरा तिरका आलाय आणि शेवटची ओळ पुसट आहे, म्हणून आधी झूम करून बघा की ते 60 रुपये आहेत की 60 टक्के, नाहीतर पुढचं सगळंच बोंबललं.

बहुतेक जण इथे पटकन 40 वजा 25 करतात, म्हणजे नफा 15%, आणि 15% म्हणजे 60 रुपये तर पूर्ण किंमत 400. दिसायला एकदम झकास, पण चूक आहे. का, ते बघू.

खरेदी माहीत नाही ना, मग ती 100 रुपये धरा. 40% वाढवले की छापील किंमत 140. आता सूट 25%, पण कशाच्या? सूट नेहमी छापील किमतीवर असते, खरेदीवर नाही. म्हणजे 140 चे 25%, 140 ला 4 ने भागा, 35 आले. 140 मधून 35 गेले, विक्री किंमत 105. शंभरला घेतलं, एकशे पाचला विकलं, म्हणजे नफा फक्त 5%.

मग मधले 10 कुठे गेले? अहो, दुकानदाराने जे 40 वर चढवले होते त्यांच्यावरही सूट बसली ना, 40 चे 25% म्हणजे बरोबर 10. गोम काय ती एवढीच.

आता उलटं जायचं. खरेदी 100 असती तर नफा 5 झाला असता, इथे नफा 60 आहे, म्हणजे 12 पट, तर खरेदीपण 12 पट, 1200 रुपये.

ताळा करा, कंटाळा करू नका. 1200 चे 40% म्हणजे 480, छापील किंमत 1680. त्याचे 25% म्हणजे 420, वजा केले की 1260. नफा 60, जमलं. हाच ताळा 400 ला लावून बघा: छापील 560, सूट 140, विक्री 420, नफा फक्त 20. गणितात 60 दिलाय, म्हणजे 400 तिथेच बाद.

जाता जाता एक गंमत. तेच 40% चढवून सूट 30% केली तर? वजाबाकीवाले म्हणणार 10% नफा. पण 140 चे 30% म्हणजे 42, उरले 98, म्हणजे उलट 2% तोटा! छापील किमतीत खरेदीच्या वरचे 40 आहेत, सूट 40 रुपयांच्या पुढे गेली की तोटा सुरू, आणि 140 पैकी 40 म्हणजे साधारण 28.57%. परीक्षेत 40% वाढीसोबत 30% सूट दिसली तर जरा सावध.