ध्वज 2026 मध्ये, स्नान 2027 मध्ये : सिंहस्थाच्या गणिताची पार्श्वभूमी

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या येत्या सिंहस्थाचे ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे. पहिले अमृत स्नान मात्र 2 ऑगस्ट 2027 ला, म्हणजे तब्बल नऊ महिन्यांनी. 2015 मध्ये असे नव्हते. 14 जुलैला ध्वज चढला आणि 29 ऑगस्टला पहिले शाही स्नान झाले. पैठण, गंगाखेड, नांदेडच्या घाटांवर गोदास्नानाचा बेत करणाऱ्यांना मग प्रश्न पडतो की सिंहस्थ नेमका धरायचा कधीपासून?

सिंहस्थ म्हणजे गुरू सिंह राशीत असणे. गोदावरीचे माहात्म्य सांगणारा जो श्लोक पुराणिकांच्या तोंडी असतो, त्यात भागीरथीत साठ हजार वर्षे केलेल्या स्नानाचे पुण्य गुरू सिंहेत असताना गोदावरीत एकदा बुडी मारून मिळते, असे म्हटले आहे. या श्लोकात सूर्याचे नावच नाही. गुरू सिंहेत आहे तोवर त्र्यंबकपासून खाली वाहणारी सगळी गोदा पर्वकाळाची, एवढाच त्याचा अर्थ. मराठवाड्यात लोक आपल्या जवळच्या घाटावर सिंहस्थाचे स्नान करतात, ते याच आधारावर.

पण गुरू एका राशीत वर्षभर राहतो. वर्षभर मेळा कोण भरवणार? म्हणून सूर्य लागतो. सूर्य एका राशीत एकच महिना असतो, त्यामुळे गुरू वर्ष ठरवतो, सूर्य महिना ठरवतो आणि चंद्र, म्हणजे तिथी, दिवस ठरवते. सूर्याचे काम किती नेमके आहे ते उज्जैनकडे पाहिले की कळते. नाशिकच्या मुख्य योगात गुरूबरोबर सूर्यही सिंहेत असतो. उज्जैनलाही गुरू सिंहेतच लागतो, पण सूर्य मेषेत हवा. त्यामुळे गुरूच्या एकाच सिंह-मुक्कामात नाशिकला पावसाळ्यात आणि उज्जैनला पुढच्या उन्हाळ्यात मेळा भरतो. 2015 च्या नाशिकनंतर 2016 च्या एप्रिल-मेमध्ये उज्जैन झाले ते असे. हरिद्वारला गुरू कुंभेत आणि सूर्य मेषेत, तर प्रयागला गुरू वृषभेत आणि सूर्य मकरेत हवा. खरे तर ‘कुंभ’ हे नाव राशीवरून हरिद्वारलाच चपखल बसते. नाशिक आणि उज्जैनचे जुने नाव सिंहस्थच.

31 ऑगस्ट 2027 चे दुसरे स्नान या हिशेबाचा उत्तम नमुना आहे. त्या दिवशी श्रावण अमावस्या, म्हणजे आपला पोळा. अमावस्या असल्याने चंद्र सूर्यापाशी, सूर्य सिंहेत, आणि गुरूही सिंहेत अगदी सूर्याच्या पाठीमागे. तिघे एका राशीत. गंमत अशी की ज्याच्यासाठी एवढी गर्दी, तो गुरू त्या दिवशी कुणालाच दिसणार नाही. तो अस्तंगत असेल. नाशिकच्या स्नानाच्या वेळी दर खेपेला गुरू सूर्याच्या आसपासच असतो, कारण योगच तसा बांधलेला आहे. प्रयागच्या वेळी तो सूर्यापासून चार राशी दूर असतो आणि संध्याकाळी ठळक दिसतो.

आता नऊ महिन्यांच्या अंतराचे कारण. गुरू दर वर्षी सुमारे चार महिने वक्री होतो. तो खरोखर मागे फिरत नाही. पृथ्वी आतल्या कक्षेतून त्याला मागे टाकते तेव्हा तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे सरकल्यासारखा दिसतो, आणि हे सरकणे जवळपास दहा अंशांचे असते. राशी तीस अंशांची. राशीच्या सीमेजवळ वक्रीचा काळ आला की गुरू आत जातो, बाहेर येतो, पुन्हा आत जातो.

यंदा तेच घडते आहे. 31 ऑक्टोबर 2026 ला गुरू सिंहेत शिरेल, जेमतेम तीन अंश पुढे जाईल, डिसेंबरच्या मध्याला वक्री होईल आणि जानेवारी 2027 च्या अखेरीस परत कर्केत येईल. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तो पुन्हा सिंहेत येईल. नोव्हेंबर 2027 मध्ये कन्येत डोकावून फेब्रुवारी 2028 च्या शेवटी मागे फिरेल आणि 24 जुलै 2028 ला सिंह कायमची सोडेल. त्याच दिवशी ध्वज उतरेल. म्हणून याला त्रिखंडी सिंहस्थ म्हणतात. पहिल्या खंडात गुरू सिंहेत आहे, पण सूर्य तूळ ते मकर राशींत. तिथे ध्वज चढेल, पण मुख्य स्नाने बसत नाहीत. गुरू आणि सूर्य सिंहेत एकत्र येतात ते फक्त दुसऱ्या खंडात. उज्जैनचा योग तिसऱ्या खंडात पडतो.

मोबाइलवरच्या एखाद्या अ‍ॅपमध्ये गुरू जून 2026 च्या अखेरीसच सिंहेत दिसला तर गोंधळू नका. ते सायन, म्हणजे वसंतसंपातापासून राशी मोजणारे गणित आहे. आपली पंचांगे निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने ठरवलेल्या राशी मानतात आणि दोहोंत सध्या सुमारे 24 अंशांचा फरक आहे. गुरूच्या चालीत हा फरक काही महिन्यांचा होतो.

राहिला बारा वर्षांचा प्रश्न. गुरूची एक प्रदक्षिणा 12 वर्षांची नसून 11.86 वर्षांची आहे. त्यामुळे 12 वर्षांत तो पूर्ण फेरी मारून वर सुमारे चार अंश पुढे जातो. 2015 मध्ये तो 14 जुलैला सिंहेत आला होता, 2027 मध्ये अडीच आठवडे आधी येतो आहे, तो या चार अंशांमुळे. एका खेपेला हे जाणवत नाही. सात खेपांत मात्र जवळजवळ एक राशी साठते आणि मेळा एक वर्ष अलीकडे ओढावा लागतो. हरिद्वारला 1938 नंतर 1950, 1962, 1974, 1986, 1998 आणि 2010 असे मेळे झाले आणि पुढचा 2022 ला नव्हे, 2021 ला भरला. एप्रिल 2022 मध्ये सूर्य मेषेत येण्याच्या सुमारास गुरू कुंभ सोडून मीनेत गेला होता. 1938 ते 2021 ही 83 वर्षे होतात, आणि 11.86 ची सातपट करून पाहिली तर तीही 83 च येते.

मराठवाड्यात या गणिताची झळ लागते ती लग्नघरांना. सिंहस्थात विवाह नको, हा नियम सरसकट सांगितला जातो, पण धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत त्याला हद्द आहे : गोदावरीच्या उत्तरेला आणि भागीरथीच्या दक्षिणेला. म्हणजे जालना आणि छत्रपती संभाजीनगर हद्दीत, बीड, लातूर आणि धाराशिव बाहेर. मात्र गुरू मघा नक्षत्रात, म्हणजे सिंहेच्या पहिल्या 13 अंश 20 कलांत असताना निषेध सगळीकडे धरतात. त्रिखंडी सिंहस्थात याचा परिणाम विचित्र होतो. पहिला खंड पूर्ण मघांतच जातो आणि तो तुळशीच्या लग्नानंतरच्या ऐन हंगामात येतो, त्यामुळे नियम काटेकोर पाळणाऱ्याला बीडमध्येही तेव्हा मुहूर्त नाही. जानेवारीअखेर गुरू कर्केत परतला की जूनपर्यंत जालन्यातही सिंहस्थाची आडकाठी उरत नाही. दुसऱ्या खंडाचा मघांतला भाग बहुतेक चातुर्मासात जातो. तिसऱ्या खंडात गुरू मघांच्या पुढे असेल, तेव्हा निषेध राहील तो फक्त गोदेच्या उत्तर तीरावर.