बुकिंगच्या चाचणीमागचा इतिहास: सेलेनियम ते प्लेराइट

खोली बुक करायच्या साइटवर नवा बदल चढवण्याआधी ग्राहक जसा जातो तशी सगळी वाट एकदा चालून बघायची, हे काम पूर्वी माणूसच करायचा. 2004 मध्ये शिकागोत थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीतल्या जेसन हगिन्स यांनी कंपनीतल्याच वेळ आणि खर्च नोंदवायच्या अ‍ॅपसाठी ही क्लिकं ब्राउझरकडून करून घेणारं साधन लिहिलं. तेव्हा चाचणीच्या धंद्यात मर्क्युरी, म्हणजे पारा, या नावाची कंपनी मोठी होती. पाऱ्याच्या विषावर सेलेनियम हा उतारा, म्हणून साधनाचं नाव सेलेनियम पडलं. 2011 मध्ये त्यात सायमन स्टुअर्ट यांचं वेबड्रायव्हर हे ब्राउझर चालवणारं साधन मिसळलं.

खरी अडचण होती ती वाट बघण्याची. तारखा निवडल्यावर दर सर्व्हरवरून यायला थोडा वेळ लागतो, पण स्क्रिप्ट त्याआधीच बटण दाबून मोकळी होते. मग लोक मध्येच ‘पाच सेकंद थांब’ असं लिहीत. सर्व्हर संथ असला की चाचणी विनाकारण लाल, म्हणजे नापास, आणि असं चार वेळा झालं की खऱ्या लाल रंगाकडेही कुणी बघत नसे. 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेलं प्लेराइट हे साधन, बटण दिसतंय, स्थिर आहे आणि चालू आहे याची खात्री करूनच ते दाबतं. मला हा बदल सगळ्यात मोलाचा वाटतो.

आपल्याकडे आणखी एक पेच होता. ऑगस्ट 2009 पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली. पुढे तिथे ओटीपी रुळला, आणि फोनवरचा ओटीपी स्क्रिप्टला कुठून मिळणार? म्हणून पेमेंट गेटवेच्या टेस्ट मोडचा, म्हणजे खरे पैसे न हलवता चालणाऱ्या सोयीचा, आधार घ्यावा लागतो. रेझरपे या गेटवेमध्ये `success@razorpay` हा यूपीआय आयडी दिला की पैसे भरल्याचं नाटक होतं, `failure@razorpay` दिला की फसल्याचं. दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण पैसे फसल्यावर अडकवून ठेवलेली खोली परत मोकळी झाली का, हे त्यातूनच कळतं.

कोकणातल्या एका होमस्टेच्या साइटवर मी हे काम करत होतो. रात्रीला 2,500 रुपये, दोन रात्री. कॅलेंडर बदलल्यावर निघायचा दिवसही रात्र म्हणून मोजला गेला आणि बिल 7,500 झालं. माझी चाचणी हिरवीच राहिली, कारण ती फक्त ‘बुकिंग निश्चित’ एवढंच शोधत होती. आता त्याआधी एकूण रक्कम तपासणारी ही ओळ असते:

```
await expect(page.getByTestId('total')).toHaveText('₹5,000');
```

साइट गेटवेशी जोडणाऱ्या टेस्ट मोडच्या किल्ल्या वेगळ्या असतात, त्यामुळे खऱ्या किल्ल्या बरोबर बसल्यात का हे यातून कळत नाही. त्यासाठी बदल चढवल्यावर मी स्वतः एक बुकिंग खऱ्या पैशांनी करतो आणि लगेच रद्द करून पैसे परत घेतो.