क्वार्टरमधले उष्मांक आणि आतड्यात अडलेले थायमिन

रोज रात्री व्हिस्कीची एक क्वार्टर, सोबत फरसाण किंवा तळलेले शेंगदाणे आणि मग भूक मेली म्हणून जेवण टाळणे, अशी सवय असलेला एखादा माणूस डोळ्यांसमोर आणू. १८० मिलिलिटरच्या बाटलीवर ४२.८ टक्के मद्यार्क असे छापलेले असते. म्हणजे तिच्यात सुमारे ७७ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो आणि त्याचे वजन साधारण ६१ ग्रॅम भरते. एक ग्रॅम मद्यार्कातून ७ उष्मांक मिळतात, तर पिठातून आणि साखरेतून ४ व तेलातुपातून ९. या हिशेबाने त्या क्वार्टरमधून सव्वाचारशेच्या आसपास उष्मांक पोटात जातात, आणि सोड्याऐवजी गोड कोल्ड्रिंक मिसळले तर ग्लासामागे आणखी शंभरेक. ज्वारीच्या मध्यम आकाराच्या अडीच भाकऱ्यांतून जवळपास एवढेच उष्मांक मिळतात, पण त्या भाकऱ्यांबरोबर प्रथिने, तंतू, लोह आणि ब गटातील जीवनसत्त्वेही येतात. क्वार्टरमध्ये यातले काहीच नसते.

हे उष्मांक शरीर साठवू शकत नाही. मद्यार्क साठवण्याची सोय शरीरात नाही आणि तो विषारी असल्यामुळे यकृत बाकीची कामे मागे सारून आधी त्याचे विघटन करते. त्यापासून प्रथम अॅसिटाल्डिहाइड आणि नंतर अॅसिटेट बनते. हे काम तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या गतीने चालते, म्हणजे रात्री दहाला संपवलेल्या क्वार्टरचा हिशेब पहाटेपर्यंत पुरा होत नाही. तोवर शरीरातील चरबीचे ज्वलन बरेच मंदावलेले असते. त्यामुळे दारू ‘चरबीत बदलते’ हा समज फारसा खरा नाही; साठते ती मुख्यतः फरसाणातली आणि शेंगदाण्यांतली चरबी, कारण तिला जळायला वावच मिळत नाही. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्यांचे वजन मात्र या प्रमाणात वाढत नाही. त्यांच्या यकृतात मद्यार्क जाळणारी दुसरी, ऊर्जा वाया घालवणारी यंत्रणा बळावते आणि त्यांचे जेवणही सुटत जाते. असा माणूस हडकुळा दिसतो म्हणून त्याची तब्येत बरी आहे, असे मुळीच समजू नये.

कारण खरे नुकसान वजनकाट्यावर दिसत नाही. थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, आपल्याला रोज सुमारे दीड मिलिग्रॅम लागते आणि शरीरातील एकूण साठा २५ ते ३० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. पुरवठा बंद झाला तर तो दोनतीन आठवड्यांत रिता होऊ लागतो. आहारातले थायमिन लहान आतड्याच्या अस्तरातील विशिष्ट वाहक प्रथिने उचलून रक्तात सोडतात. मद्यार्क या वाहकांचे काम मंदावतो आणि सततच्या पिण्याने त्यांची संख्याही घटते. जे थोडे रक्तात पोहोचते ते साठवून ठेवण्याची क्षमता बिघडलेल्या यकृतात उरत नाही. एकच जीवनसत्त्व असे तीन ठिकाणी अडते: ताटात, आतड्यात आणि यकृतात.

थायमिनशिवाय पेशींना ग्लुकोजपासून पुरेशी ऊर्जा काढता येत नाही आणि त्याचा पहिला फटका ग्लुकोजवर जगणाऱ्या मेंदूला बसतो. गोंधळलेपणा, डोळ्यांच्या हालचाली बिघडणे आणि चालताना तोल जाणे या लक्षणसमूहाचे वर्णन जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये केले. तिन्ही लक्षणे एकत्र दिसतातच असे नाही, आणि ‘अजून उतरली नाही’ असे म्हणून घरचे लोक बऱ्याचदा दुर्लक्ष करतात. दारूचा अंमल ओसरण्याइतका वेळ लोटूनही झोकांड्या आणि असंबद्ध बोलणे थांबले नाही, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास नवे काही लक्षातच न राहण्याचा विकार कायमचा जडू शकतो.

ब गटातल्याच फोलेट या जीवनसत्त्वाची कथा अशीच आहे, पण ती रक्तात दिसते. फोलेटचे शोषणही लहान आतड्यातच अडते आणि तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या बनतात. साध्या रक्ततपासणीच्या अहवालात या पेशींचा सरासरी आकार सांगणारा एमसीव्हीचा आकडा १०० च्या वर गेलेला दिसला, तर डॉक्टर पिण्याबद्दल विचारतात ते यामुळे. मद्यार्क पेशींचा आकार थेटही वाढवतो, म्हणून एकट्या या आकड्यावरून फोलेटची कमतरता ठरवता येत नाही.

पिणे चालू ठेवून रोज एक ब-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की झाले, हा उपाय इथेच लंगडा पडतो, कारण गोळीतल्या थायमिनलाही त्याच आतड्यातून जावे लागते. मेंदूवर परिणाम झाल्याचा संशय असेल तर डॉक्टर थायमिन शिरेतून देतात, आणि अशा रुग्णाला ग्लुकोजचे सलाइन लावायचे असल्यास थायमिन त्याच्या आधी किंवा बरोबरच देतात, कारण नुसते ग्लुकोज उरलेसुरले थायमिनही वापरून टाकू शकते. एवढे करूनही सुधारणा दिसली नाही, तर रक्तातील मॅग्नेशियम तपासले जाते: मद्यार्कामुळे ते लघवीवाटे वाहून जाते आणि त्याच्या अभावी थायमिन शरीरात असूनही कामाला येत नाही.